एक वीस कमी

मोजायचं काम माझ्याकडं. आमच्या मुरबाडकडच्या गावांत खळ्यावर भात मापताना मोजणारा एकच असतो, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाय. पहिल्या मापाला ‘एक’ नाय म्हणायचं, ‘लाभ’ म्हणायचं, आणि विसावं माप पडलं की पदरात एक खडा. गावात माझा खडा कधी चुकला नाय, म्हणून त्या पुराच्या दिवशीही सगळे म्हणाले, गोजाबाईच मोजंल.

साल दोन हजार पाच, जुलै संपत आलेला. काळू नदी तीन दिवस फुगत होती. नदी आणि आमच्या चाळीस घरांच्या मधे उंचवटा आहे, त्यात एकच खिंडार, शंभर फूट रुंद. पाणी शिरलं तर तिथूनच शिरणार. पोरंबाळं, म्हातारी माणसं आमी सकाळीच वर डोंगराकडच्या शाळेत धाडली. घरं तेवढी राहिली, आणि घरांत वर्षाचं भात.

धम्मपाल आला तालुक्याहून. पाटबंधाऱ्याचा ज्युनिअर इंजिनिअर, पण शेजारच्या गावचाच पोर, मला मावशी म्हणतो. रिकाम्या गोण्या टेम्पोभर घेऊन आला आणि काठीनं चिखलात त्रिकोण काढला.

“मावशी, खिंडारात बांध घालू, उंची तीन फूट. पाया तिप्पट, नऊ फूट. गोणी पाऊणच भरायची, गच्च नाय, तोंड दुमडून खाली दाबायचं. निजवली की दीड फूट लांब, फूटभर रुंद, अर्धा फूट जाड. म्हणजे सहा थर. खाली सहा गोण्या, वर पाच, मग चार, तीन, दोन, एक. फुटाला एकवीस. शंभर फुटांला एकवीसशे.”

“एवढ्या कशाला? भिंतीसारख्या एकावर एक रचू, सहाशेत काम झालं,” माझा नवरा बाळाराम म्हणाला.

“काका, पाणी ढकलतं. तुमची भिंत तासात आडवी होईल.”

ठेकेदाराची रस्त्याची रेती सोळा ब्रास पडली होती. एकवीसशे गोण्यांला पावणेसोळा लागली. दुपारपर्यंत बांध उभा. पाण्याच्या अंगाला प्लास्टिक, सांधे चुकवून थर, प्रत्येक थर पायांनी तुडवलेला. मी खडे मोजले, एकशे पाच. छाती भरून आली हो! तेवढ्यात पाणी बघायला धाडलेला पंढरी धावत आला, वरच्या गावाच्या पुलावरून. पाणी अजून फूटभर चढणार, धम्मपालच्या साहेबाच्या ऑफिसातून निरोप होता.

“फूटभर ना? टाका वर दोन थर,” कोणतरी ओरडलं.

धम्मपालचं तोंड पांढरं पडलं. “वर एकाच गोणीची ओळ आहे, तिच्यावर काय ठेवणार? चार फूट उंची म्हणजे पाया बारा फूट. आठ थर. फुटाला छत्तीस. आतल्या अंगानं सगळा बांध जाड करायचा. अजून पंधराशे गोण्या, मावशी. सव्वाअकरा ब्रास माती.”

गोण्या होत्या. माती कुठं होती? शेतात गुडघाभर चिखल, गोणीत भरला की शिवणीतून गळतो. कोरडा मुरूम एकाच जागी होता, आणि ती जागा सगळ्यांला ठाऊक होती. कोणी नाव घेईना.

पोरांचं टेकाड. दात यायच्या आधी गेलेलं मूल जाळत नाय आमच्याकडं. बौद्ध असो की पाड्यावरचे आदिवासी, सगळ्यांची तान्ही तिथंच पुरलेली.

सावळी पुढं झाली. पाड्यावरची, माझ्याहून लहान. फावडं उचललं आणि म्हणाली, “माझी दोन हायत तिथं. पयली जागा माझ्याच पोरांची खणा. मेल्यांला घर नको, जित्यांला हवं.”

माझीही एक होती. आठ दिवसांची. नाव ठेवलं नव्हतं. करवंदीच्या जाळीखाली, पार पूर्वेच्या कोपऱ्यात, वर एक सपाट दगड. एकोणीस वर्षं झाली होती. जागा मला ठाऊक आणि बाळारामला.

खणायला पश्चिमेकडून लागले. बाया भरत होत्या, पुरुष वाहत होते. मी टेकाडाच्या तोंडाशी उभी राहून मोजत होते. लाभ, दोन, तीन. विसाला खडा. माती इतकी मऊ की फावडं वाजत नव्हतं. पाऊस पडत होता आणि तरी टेकाडावर आवाज म्हणून नव्हता, बायांच्या बांगड्यांचासुद्धा नाय. एकदा मी ‘लाभ’ म्हटलं आणि माझ्या पाठीमागं कोणीतरी हळूच ‘दोन’ म्हटलं. वळून पाहिलं, करवंदीची जाळी. पुढं मी मोठ्यानं मोजायला लागले, आवाज फुटेपर्यंत.

चौऱ्याहत्तर खडे झाले. एक वीस बाकी. आणि फावडी जाळीपाशी आलेली. सावळीनं दगडाला हात घातला.

मी म्हटलं, “झालं गो. पंच्याहत्तर भरले. बस करा.”

खडा उचलून पदरात टाकला. खोटा. आयुष्यात पहिला. कोणी मोजून बघितलं नाय, गोजाबाईचा खडा होता ना! सावळीनं दगड सोडला, फावडं खांद्यावर घेतलं आणि सगळ्या बाया खाली गेल्या. मी सगळ्यांच्या मागं. मनाला समजावत होते, वरच्या ओळीत वीस फूट कमी पडतील तर पडतील, पाणी कुठं तेवढं चढतंय.

चढलं. दिवस मावळायच्या आत सहावा थर बुडाला, मग सातवा. पाणी बांधाला लागून उभं राहिलं, आवाज न करता, फुगलेलं. माझ्या मेलेल्या लेकीपायी सावळीचं घर वाहून जाणार होतं, जिनं स्वतःची दोन खणून दिली तिचं. मी आतल्या अंगानं धावत निघाले, वरची ओळ हातानं चाचपत. कुठंतरी वीस फुटांची फट असणार. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. फट नव्हती. परत आले. गोणीला गोणी भिडलेली. पाणी वरच्या काठाला चार बोटं कमी असताना थांबलं आणि तिथंच राहिलं.

“भरल्या का रं सगळ्या?” मी बाळारामला विचारलं.

“भरल्या म्हणजे? तूच मोजल्या ना?” तो वैतागला. “शेवटच्या वीस उशिरा आल्या. बांधाखाली आणून ठेवलेल्या होत्या.”

“कोणी आणल्या?”

“मला काय ठाऊक. मी वर होतो दिवसभर. हलक्या वाटल्या उचलायला, एवढंच.”

सकाळी पाणी उतरलं. लोक धम्मपालला खांद्यावर घेऊन नाचले, मला पेढा भरवला. मी तो तोंडात तसाच धरला. सगळ्यांची नजर चुकवून टेकाडावर गेले.

सपाट दगड बाजूला ठेवलेला होता. जाळीचं एकही पान तुटलेलं नव्हतं. खाली खड्डा, कडा कशा सरळ. मी हातानं मापला. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल. पंधरा घनफूट. एका गोणीला पाऊण घनफूट माती धरा, वीस गोण्यांला पंधराच येतात. खड्ड्याच्या भोवती एकाही पायाचा ठसा नव्हता, आणि आत काहीच नव्हतं.

सावळीला विचारलं. ती म्हणाली, “तू बस म्हणालीस, आमी बस केलं. परत कोण जाईल तिकडं?”

मी तिच्या पायांवर पडले आणि खोट्या खड्याचं सांगितलं. तिनं मला उठवलं आणि ती माझ्याबरोबर टेकाडावर आली. खड्डा बघून ती खाली बसली.

“तुझी लाज वाचवली गो तुझ्या पोरीनं,” ती म्हणाली.

मग आमी दोघी बांधाकडं गेलो. वरची ओळ ऊन खात पडली होती, शंभर गोण्या, सगळ्या सारख्या. माझ्या लेकीची माती कोणत्या विसांत हे मला सांगता येईना. म्हणून पहिलीवर हात ठेवला, मग दुसरीवर, आणि शंभराच्या शंभर कुरवाळल्या.