तोच नंबर

विश्वेश्वरशास्त्र्यांचा मोबाईल हरवला तो सोवळ्यापायी. काशीत मोबाईल हरवायला चोर कमी नाहीत, पण शास्त्रीबुवांना चोराचीही गरज पडली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसली गत.

झालं असं, की ब्रह्मा घाटावर साताऱ्याच्या यजमानांचं श्राद्ध होतं. नव्याण्णव साल असेल. अख्ख्या रामघाटापासून बालाजी घाटापर्यंत मोबाईल असलेले गुरुजी एकटे तेच. तो काळा ठोकळा चामड्याच्या कव्हरात असायचा, आणि चामडं सोवळ्यात कसं चालायचं? म्हणून पिंडदानाला बसताना ते मोबाईल पायऱ्यांलगतच्या कोनाड्यात ठेवत, वर उपरणं टाकत, आणि सगळं आटोपलं की उचलत. दोन वर्षं हेच चाललं होतं. त्या दिवशी पिंड गंगेत सोडून ते वर आले, तर उपरणं नीट घडी घालून ठेवलेलं, आणि खाली काही नाही.

शास्त्रीबुवा तिथंच पायरीवर बसले. ठोकळा गेला त्याचं दुःख नव्हतं हो. दुःख होतं त्या नंबराचं.

त्यांची लेक ऋता भुसावळला दिलेली. तिथं तिचे हाल होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. गेल्या वर्षी ती एकटी निघून आली, तेव्हा शास्त्रीबुवांनीच समजूत घालून मुगलसरायहून परतीच्या गाडीत बसवून दिली होती. दिल्या घरी सुखी राहा, वगैरे. आता आठवड्यापूर्वी तिचा बूथवरून फोन आला. ती रडत नव्हती, हेच वाईट होतं.

"बाबा, संधी मिळाली की मी निघणार. मुगलसरायला उतरून तुम्हाला फोन करीन. तुम्ही ये म्हणालात तरच घरी येईन. नाही म्हणालात तर तिथूनच परत फिरेन. दारात येऊन परत जायचं मला पुन्हा जमणार नाही."

आणि या शहाण्या माणसानं काय म्हणावं? "बघतो." ये म्हणायला एक अक्षर लागतं. त्यांनी तीन वापरली.

पुढचे दोन दिवस त्यांनी खाल्लं नाही, झोपले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बायकोला, इंदूबाईंना, म्हणाले, "तिचा फोन आला तर ये म्हणेन. लोकांचं लोक बघतील." इंदूबाईंनी पोरीसाठी गादी उन्हात टाकली. पण हे लेकीला कळवणार कसं? सासरचा फोन सासऱ्याच्या खोलीत, आणि तिथं फोन करणं म्हणजे तिचा बेत उघडा पाडणं. घरी दुसरा फोन नाही. तिला पाठ होता तो एकच नंबर, मोबाईलचा. तोच आता कोनाड्यातून गेला होता.

घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा इंदूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"चामड्याचा विटाळ बरा पाळलात," त्या म्हणाल्या. "पोरीला द्यायचा शब्द तेवढा त्या कोनाड्यात ठेवलात."

शास्त्रीबुवा कोपऱ्यावरच्या पीसीओवर धावले आणि स्वतःचाच नंबर लावला. वाजला. कोणी उचलला नाही. परत लावला. या खेपेस कोणीतरी उचलला, "कौन?" म्हणाला. शास्त्रीबुवांनी घाईघाईनं हिंदीत विनवणी सुरू केली, तर पलीकडून फोन कापला. तिसऱ्यांदा लावला तर स्विच ऑफ.

पोलीस चौकीवरच्या मुन्शीनं तक्रारीची दरख्वास्त लिहून घेतली. मोबाईलच्या खोक्यावर छापलेला सेटचा लांबलचक नंबर उतरवून घेतला, नकलेवर शिक्का मारला आणि म्हणाला, "पंडितजी, सेट तो गया समझिए. पहले सिम बंद कराइए. उससे कोई कहीं धमकी दे दे, तो पुलिस उसके घर जाएगी जिसके नाम कनेक्शन है."

ज्याच्या नावावर कनेक्शन आहे. इथं खरी मेख होती.

कनेक्शन काशीनाथच्या नावावर होतं, धाकट्या भावाच्या. मोबाईल घेतला तेव्हा कंपनीला पगाराचा दाखला हवा होता, आणि भटजीला पगार कोण देतो? काशीनाथ बँकेत, म्हणून त्याच्या नावावर घेतला. तेव्हा दोघे भाऊ एका ताटात जेवत. पण गेल्या वर्षी ऋताला परत पाठवली त्याच दिवशी काशीनाथ सगळ्यांसमोर म्हणाला होता, "अण्णा, तू गाय कसायाला देतो आहेस, आणि वर मंत्र म्हणतो आहेस." शास्त्रीबुवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. महिन्याभरात काशीनाथ बिऱ्हाड घेऊन काशीतच लंका मोहल्ल्यात राहायला गेला, घरचा फोनही तिकडे गेला. त्यानंतर दोघांत बोलणं नव्हतं. मोबाईलचं बिल तेवढं शास्त्रीबुवा गुपचूप भरत राहिले.

कंपनीच्या ऑफिसात गेले तर काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून तेच सांगितलं. "नंबर वही मिलेगा, पंडितजी. पर जिनके नाम है उनको आना पड़ेगा. फोटो, पहचान-पत्र, पुलिस वाली कॉपी, और दस्तखत. आपको हम नहीं दे सकते."

"मैं बड़ा भाई हूँ."

"ऐसे तो कोई भी किसी का भाई बनकर नंबर ले जाएगा," ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

शास्त्रीबुवा बँकेत गेले. वर्षभर ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्या टेबलासमोर, पासबुकं घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या मागं, ते रांगेत उभे राहिले. पाळी आली तेव्हा काशीनाथनं मान वर केली.

"काशीनाथ," शास्त्रीबुवा म्हणाले, "ऋता येते आहे. मी तिला ये म्हणणार आहे. पण तिचा फोन येईल तो नंबर माझ्याजवळ नाही. तुझ्या नावावर आहे."

काशीनाथनं पेनाला टोपण लावलं. तू बरोबर होतास, असं शास्त्रीबुवांना म्हणायचं होतं, पण त्यांनी चौकीवरची शिक्क्याची नक्कल तेवढी पुढं सरकवली. काशीनाथनंही ते मागितलं नाही. बँकेच्याच फोनवरून त्यानं कंपनीला फोन लावला, आपलं नाव, पत्ता, जन्मतारीख सांगितली आणि सिम बंद करायला लावलं.

"बंद?" शास्त्रीबुवा टेबलावर वाकले. "अरे, मग तिनं लावला तर?"

"अण्णा, तो तसाही स्विच ऑफ आहे. आणि उद्या कोणी चालू केला, तर ऋताचा फोन तो चोर घेईल. ते चालेल तुला? नवीन सिम मिळेपर्यंत हे असंच राहणार. दुसरी वाट नाही."

वाट नव्हतीच. काशीनाथ त्याच दिवशी अर्धी रजा टाकून काउंटरवर गेला, सह्या केल्या, फोटो चिकटवला. नवीन कार्ड हातात मिळालं, पण ते सुरू व्हायला लखनौहून मंजुरी यायची होती. "कल तक हो जाएगा," मुलगी म्हणाली. दुकानदारानं एक जुना, अँटेना तुटलेला सेट उसना दिला. त्यात कार्ड घातलं, तर पडद्यावर काहीच येईना.

कल तक होणार ते परवावर गेलं. मधल्या दिवशी इंदूबाई उठल्या आणि एकट्या मुगलसरायला जाऊन बसल्या. पश्चिमेकडून येणारी प्रत्येक गाडी त्यांनी पाहिली. दिवेलागणीला परत आल्या, पाय धुतले, आणि उन्हात टाकलेली गादी आत आणली. 

शास्त्रीबुवांनी तो मोडका सेट देवघरात नेला. सोवळ्यात, पूजेला बसून, तो मांडीवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची संध्या चुकली. आचमनाचं पाणी तळहातावर घेऊन ते पडद्याकडेच बघत राहिले. इंदूबाईंनी दारातून ते पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याची दया आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर कंपनीचं नाव आलं. काशीनाथ बँकेतून जेवायच्या सुट्टीत आला होता. तो बाहेर जाऊन पीसीओवरून खात्री करून आला. वाजला. तोच नंबर. आत साठवलेले यजमानांचे नंबर सगळे जुन्या कार्डाबरोबर गेले होते, पण त्याची फिकीर कुणाला होती? इंदूबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

काशीनाथ बँकेत परत निघायच्या आत तो पुन्हा वाजला.

"बाबा?" ऋताचा आवाज. मागं कुठल्यातरी रस्त्याचा गोंगाट होता. "लागला की. मी उगीच लावून बघितला."

"ऋता, कुठं आहेस? मुगलसरायला?"

"नाही बाबा. भुसावळला. बूथवर. परवा आले होते मी मुगलसरायला. तीनदा फोन लावला. ती बाई सारखी म्हणत होती, इस नंबर की सेवा बंद कर दी गयी है. म्हटलं, बाबांना तोंडानं नाही म्हणवत नसेल, म्हणून नंबरच बंद केला. मग मी परतीची गाडी धरली."

शास्त्रीबुवांनी सेट दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. इथं कोणाला कळलं नाही. जळगावला मैत्रिणीकडे होते म्हणून सांगितलं."

"अगं, फोन हरवला होता," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि आपण हे किती उशिरा सांगतो आहोत आणि कारण किती लहान आहे ते त्यांना त्याच क्षणी कळलं. "ऋता, ये. आत्ता निघ. ये."



"आता कशी येऊ, बाबा? पुन्हा निघायला काय सांगू? एकदाच जमतं ते."

"मग तू नको निघूस. मी येतो. मी न्यायला येतो, ऐकलंस? त्यांच्या समोरून—"

फोन कापला गेला होता. तिनं ऐकलं की नाही, कोण सांगणार? ज्या बूथवरून आला त्याचा नंबरही या सेटवर उमटला नव्हता. तिकडे उलट लावायची सोय नाही.

शास्त्रीबुवा उठले. बैल गेला आणि झोपा केला, असं कोणी म्हटलं असतं तर त्यांनी ते ऐकून घेतलं असतं.  इंदूबाईंनी पिशवीत दोन धोतरं आणि एक साडी घातली, ऋताच्या मापाचा ब्लाउज शोधून वर ठेवला. काशीनाथनं सायकल काढली; मुगलसरायहून निघणाऱ्या गाडीची तिकिटं काढायला तो पुढं गेला. "दोन काढतो, तुझं नि माझं," एवढंच तो म्हणाला, आणि शास्त्रीबुवांनी मान हलवली.

दाराशी इंदूबाईंनी मोबाईल त्यांच्या हातात ठेवला. "असू दे बरोबर. तिचा परत येईल."

"काशीबाहेर हा चालत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांनी तो मोडक्या अँटेनाचा सेट बायकोच्या हातात परत दिला आणि तिची बोटं त्यावर मिटवली. "तू ठेव. आंघोळीला, देवघरात, कुठंही खाली ठेवू नकोस. आणि वाजला, की आधी ये म्हण. कोण बोलतंय ते मग विचार."