तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित

घनसावंगीच्या त्या शाळेत कल्याणराव हेडक्लार्क. वय त्रेपन्न, नोकरी अठ्ठावीस वर्षं. एवढ्या काळात त्यांनी संस्थेच्या शब्दाबाहेर जाऊन एकच काम केलं होतं, आणि ते करून तीन आठवडे झाले तरी त्यांना धड जेवण जात नव्हतं.

काम असं. दैवशाला नावाची बाई या शाळेत अकरा वर्षं मराठी शिकवत होती. विनाअनुदानित तुकडीवर, आज ना उद्या मान्यता येईल या आशेवर. तुकडीला अनुदान आलं आणि त्याच महिन्यात संस्थेने तिला तोंडी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. तिच्या जागी संस्थाचालकांच्या साडूची सून आली. दैवशाला शाळा न्यायाधिकरणात गेली, तेव्हा संस्थेने लिहून दिलं की ही बाई आमच्याकडे एकच वर्ष होती. अकरा वर्षांचा पुरावा जगात एकाच ठिकाणी होता, तो म्हणजे कल्याणरावांच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात, जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यात. शाळेत त्याला मस्टर म्हणत. रोजची सही, अकरा वर्षांची.

कल्याणरावांनी तीन पानं स्कॅन करून ऑफिसच्या कम्प्युटरवरून तिला मेल केली. तिचे वकील म्हणाले, नुसती प्रत चालणार नाही, मंगळवारी कोर्टाकडून मूळ मस्टर मागवून घेतो. तेवढं मंगळवारपर्यंत जागेवर राहू द्या.

"राहील," कल्याणराव फोनवर दैवशालाला म्हणाले होते. "ताई, मी हाय तोवर कपाटाला कुणी हात लावत न्हाई."

शुक्रवारी सकाळी शाळेला एक लांबलचक मराठी पत्र टाइप करायचं होतं. ऑफिसचा जुना कम्प्युटर आठवड्यापूर्वी बंद पडला होता आणि त्याच्या जागी मुलांच्या लॅबमधला एक आणून ठेवला होता. त्यात मराठी टायपिंगची सोय नव्हती. एका शिक्षकाने सांगितलं, काका, ब्राउझरला मराठीचं एक्स्टेन्शन टाका, छोटी पुरवणीच असते ती, इंग्रजी अक्षरं मारली की मराठी उमटतं. कल्याणरावांनी ब्राउझरमधलं एक्स्टेन्शनचं दुकान उघडलं, मराठीचं शोधलं आणि बटण दाबायला गेले, तर बटण मेलेलं. खाली ओळ होती, तुमच्या ॲडमिनने हे ब्लॉक केले आहे.

त्यांनी ब्राउझरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले. लांब यादी उघडली. तिच्या अगदी तळाशी लिहिलेलं होतं, तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित.

शहरातल्या माणसाला या ओळीचं काही वाटणार नाही. पण घनसावंगीत आणि आसपासच्या पन्नास गावांत संस्था म्हणजे काही कंपनी नव्हे, मंडळ नव्हे. संस्था म्हणजे आबा. भुजंगराव आबा. शाळा त्यांची, वसतिगृह त्यांचं, पगारपत्रकावरची शेवटची सही त्यांची. संस्थेला राग आला म्हणजे आबांना राग आला, आणि संस्था विचार करून राह्यलीय म्हणजे आबा जेवून झोपलेत. अठ्ठावीस वर्षांत कल्याणरावांना या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि उठून ऑफिसचं दार लोटून घेतलं.

कम्प्युटर अचानक बदलला तो का? नेमका मेल पाठवल्यावरच का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आणि गंमत अशी की हा माणूस चोर नव्हताच, त्याने आयुष्यात एकदाच खरं काम केलं होतं.

त्यांनी ऋषीला फोन लावला. ऋषी जालन्याचा. तिथे त्याचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि आठवड्यातून एकदा तो शाळेची लॅब बघायला येई.

"ऋषी, ते एक्स्टेन्शन टाकू देत न्हाई. संस्थेद्वारे व्यवस्थापित म्हणून राह्यलं."

"हां काका, पॉलिसी लावलीय ना संस्थेची," मागे गाड्यांचा गोंगाट होता. "ॲडमिन पासवर्डशिवाय होणार न्हाई ते."

"पॉलिसी? कुणी सांगितली लावायला?"

"आबांनीच. मी निघालोय, बसमध्ये हाय. दुपारी आलो की बघतो." फोन कटला.

पॉलिसी म्हणजे धोरण. संस्थेचं धोरण, आबांनी सांगितलेलं, कल्याणरावांच्या कम्प्युटरवर. आता यात समजायचं काय राहिलं होतं?

ते खुर्चीत बसून राहिले. शिपाई कचरूने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मुलगी अक्षता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पेन्शनला पाच वर्षं बाकी होती. आबांनी बोलावून विचारलं तर संपलं. पण आपण होऊन गेलं, पाय धरले, तर माणूस जुना आहे, एवढं मन मोठं करतील. कल्याणरावांना स्वतःची लाज वाटत होती आणि तरी ते उठले. भ्याला माणूस पळतो तेव्हा त्याला वाटतं आपण शहाणपणा करतोय.

आबा केबिनमध्ये वर्तमानपत्र वाचत होते.

"आबा, चुकलं माझं," कल्याणराव दारातच म्हणाले. "तुम्हाला समदं माहीत झालंय, मला कळलं."

आबांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. पण तीस वर्षं संस्था चालवलेला माणूस, असल्या वेळी 'काय माहीत झालं?' असं विचारत नसतो.

"बस," ते म्हणाले. "तुझ्या तोंडानं सांग."

आणि कल्याणरावांनी सगळं सांगितलं. तीन पानं, मेल, वकील, मंगळवार. मूळ मस्टर कुठे आहेत तेही. बोलता बोलता त्यांना रडू आलं. आबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"मस्टर हायेत मंग अजून," आबा हळूच म्हणाले. "मला वाटलं, मागच्या साली भिंतीला चुना मारतानी रद्दीत गेल्ते."

कल्याणरावांनी मान वर केली. हे वाक्य त्यांच्या कानात गेलं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला.

"कचरू," आबांनी हाक मारली. "साहेबाकडून कपाटाची चावी घे. खालचा खण रिकामा कर. गठ्ठे माझ्या गाडीत टाक."

चावी कल्याणरावांच्या करगोट्याला होती. ती सोडायला त्यांना फार वेळ लागला. कचरू दुसरीकडे बघत उभा राहिला.

दुपारी ऋषी आला. पाठीवर सॅक, कपाळावर धूळ. कल्याणराव आपल्या टेबलाशी बसले होते आणि शेजारची खुर्ची ओढून आबा बसले होते, तसे ते कधी ऑफिसात बसत नसत.

"दाखव रे, काय पॉलिसी लावलीस ती," आबा म्हणाले. "आमच्या कल्याणला लई धसका बसलाय."

ऋषी हसला. त्याने ब्राउझरच्या पट्टीत काही अक्षरं मारली आणि एक पान उघडलं, इंग्रजी, तक्त्यासारखं.

"हे पॉलिसीचं पान. बघा, ही पहिली, एक्स्टेन्शनची ब्लॉकलिस्ट. पुढं नुसती चांदणी हाय. चांदणी म्हणजे समदेच बंद. आणि ही खाली अलाउलिस्ट, म्हणजे बंदीतून सूट. यात ज्याचा नंबर घालू तेवढंच चालतं. मागच्या साली पोरं लॅबमधी फुकटचे व्हीपीएन टाकून नको ते बघत होते, तवा आबा म्हणाले, बिलकुल काही टाकता येऊ नये असं कर. मंग मी लॅबच्या चोवीस मशीनला हेच लावलं. हे मशीन लॅबमधून आलं, त्याच्यासंगं पॉलिसी आली. काढायची ध्यानात राह्यली न्हाई."

"चोवीस मशीनला," कल्याणराव म्हणाले.

"हां. हे बघा, स्कोपच्या खाली काय लिहिलंय, मशीन. मशीनला लावलंय हे, कोण्या माणसाला न्हाई."

"आणि मेल? मी काय मेल करतो, ते यातून संस्थेला दिसतं का?"

"छे हो काका! ही पॉलिसी फक्त एक्स्टेन्शन अडवते. तुमचा मेल कोण कशाला बघतंय? संस्था म्हणजे काय खरीखुरी संस्था न्हाई ती. अशी एखादी पॉलिसी मशीनला लागली की ब्राउझर हेच वाक्य दाखवतो. घरच्या कम्प्युटरला लावली तरी हेच म्हणेल."

आबा गालात हसले, आणि ते हसू पाहून कल्याणरावांना त्या माणसाची जन्मात प्रथमच किळस आली. स्वतःची तर त्याहून जास्त.

ऋषीने एक्स्टेन्शनच्या दुकानातल्या पानावरून त्याचा नंबर उचलला, बत्तीस अक्षरांचा. रजिस्ट्री, म्हणजे मशीनच्या आतल्या सेटिंगची वही, उघडली, ॲडमिनचा पासवर्ड घातला, सूट दिलेल्यांच्या यादीत नवी ओळ करून तो नंबर चिकटवला. ब्राउझरच्या पॉलिसीच्या पानावर येऊन पॉलिसी पुन्हा वाचायला लावली. दुकानातलं मेलेलं बटण जिवंत झालं. दोन मिनिटांचं काम. सकाळी एवढं झालं असतं तर कल्याणराव पत्र टाइप करून घरी जेवायला गेले असते.

"झालं काका. व्यवस्थापित तर ते अजून म्हणेलच, चांदणी हायेच ना. पण तुमचं मराठी चालू." तो सॅक उचलून लॅबकडे गेला.

"चालू झालं ना?" आबांनी खुर्ची आणखी जवळ घेतली. "मंग लिही. मी सांगतो तसं."

कल्याणराव लिहू लागले. इंग्रजी अक्षरं मारली की खाली मराठी शब्दांची यादी उघडत होती आणि त्यातला पहिला शब्द बरोबर असे. एक्स्टेन्शन खरंच चांगलं होतं. लिहून देतो की, संबंधित वर्षांची मस्टर्स वाळवी लागून नष्ट झाली असून, प्रतींवरील सह्या मी ओळखत नाही. शेवटी त्यांचं नाव, पद, तारीख.

"ही सही कर," आबा म्हणाले, "आणि पाच वर्षं सुखानं काढ. पोरीचं शिक्षण व्हायचंय अजून."

त्यांनी सही केली. प्रिंटरमधून निघालेला कागद गरम होता, आबांनी तो घडी न घालता नेला.

शाळा सुटायच्या वेळेला फोन वाजला. दैवशाला होती. मागे कुकरची शिट्टी झाली.

"भाऊ, वकील म्हणून राह्यले, मंगळवारी सकाळी लौकर निघा. मस्टर घेऊन तुम्ही येता का, का कुणाला पाठवू?"

कल्याणरावांनी उघड्या कपाटाकडे पाहिलं. खालच्या खणात धूळ होती आणि गठ्ठ्यांचे चौकोनी स्वच्छ ठसे.

"ताई, मस्टरला वाळवी लागली."

तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, जसं ती वर्गात विचारत असेल.

"कधी लागली, भाऊ?"

"आज सकाळी," कल्याणराव म्हणाले.