फाटकाच्या अलीकडे, फाटकाच्या पलीकडे

बिकानेरच्या बसअड्ड्यावर उतरल्यावर सेजूनं आधी नातीचा लंगोट बदलला, मग उभ्या उभ्या चहा घेतला आणि सुनेला, कंकूला, विचारलं, "दार कधी बंद होतं म्हणालीस?"

"नऊला. आठपासून आत घेतात, पेपर दहाचा. नवाच्या पुढे एक मिनिट झालं तरी बाहेर."

"आणि सुटणार साडेबाराला. म्हणजे पोरीला नवाच्या आत पाजून घ्यायचं, की पुढचं साडेबारानंतर." सेजूनं बोटांवर मोजलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वेळेचा हिशेब कधी चुकत नसे. तिचा जन्म मेंढरांमागं गेला होता. दरवर्षी जालोरहून माळव्यापर्यंत कळप न्यायचा, आणि मुक्काम हलवण्याआधी कुणीतरी पुढे जाऊन पाणी, चारा, रात्रीची जागा बघून यायचं. नवरा तापानं पडला की ते काम सेजू करायची. यंदा नवरा आणि मुलगा दोघेही कळपाबरोबर लांब होते, म्हणून शिक्षकभरतीच्या परीक्षेला सुनेसोबत तीच आली होती, आठ महिन्यांची किरपा कडेवर घेऊन.

उतरायची सोय सेजूच्या नवऱ्यानं फोनवरून करून ठेवली होती, स्टेशनजवळच्या धर्मशाळेत. खोली स्वच्छ होती, पंखाही चालत होता. शेजारच्या खोलीत नागौरकडचे हडमानाराम मास्तर आपल्या मुलीला, संतोषला, घेऊन उतरले होते. तीही त्याच केंद्रावर होती.

"केंद्र बघायला येताय का?" सेजूनं विचारलं.

मास्तर हसले. "बघायचंय काय त्यात? मोबाईलवर सगळं दिसतं. दोन किलोमीटर, रिक्षानं सात मिनिटं. तुम्ही पडा जरा, रात्रभराच्या प्रवासानं दमला असाल."

"दमलेय खरी. पण आता आठ वाजतायत. उद्याही आपण याच वेळेला निघणार ना? मग वाट याच वेळेला बघायला हवी," असं म्हणून सेजू निघालीसुद्धा.

रिक्षा चौथ्या मिनिटाला थांबली. पुढे रेल्वेचं फाटक पडलं होतं. मोटारी, सायकली, उंटगाडी, दुधाचे कॅन, सगळं एकमेकांत अडकलेलं. एक गाडी गेली, फाटक उघडेल असं वाटलं, तेवढ्यात नुसतंच एक इंजिन मागे-पुढे करायला लागलं. काही माणसं दांड्याखालून वाकून पलीकडे जात होती.

"सासूजी, आपणही जाऊ या का तसंच?" कंकूनं विचारलं.

"उद्या मास्तरीण होणार तू. रुळावरून पळणं आधी तूच शिकणार, मग पोरांना काय शिकवणार?" सेजूनं तिला हातानं थांबवलं.

फाटक उघडलं, पण कोंडी सुटायला आणखी दहा मिनिटं गेली. कंकूनं मोबाईलवर वेळ पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. निघाल्यापासून चाळीस मिनिटं झाली होती. सेजूनं फाटकावरच्या पोलिसाला काही विचारलं नाही. ती फाटकाशेजारी भाजी मांडून बसलेल्या बाईकडे गेली, पावशेर काकड्या घेतल्या आणि म्हणाली, "बाई, उद्या रविवार. उद्या तरी मोकळं असेल ना फाटक?"

"गाड्या काय रविवारी सासरी जातात?" भाजीवाली म्हणाली. "सकाळी आठ ते नऊ तर नुसतं उघड-झाक चालतं. घाई असेल तर रिक्षा सोडायची आणि स्टेशनच्या जिन्याच्या पुलावरून चालत यायचं. आम्ही तेच करतो."

दोघी केंद्रावर पोचल्या तर आणखी एक गोष्ट कळली. केंद्र एका शाळेत होतं; मोबाईलनं त्यांना तिच्या मोठ्या रस्त्यावरच्या दारापाशी आणून सोडलं होतं, आणि त्याला गंजलेलं कुलूप होतं. समोर कडुलिंबाखाली एक बाई हातगाड्यावर कपड्यांना इस्त्री करत होती.

"परीक्षेची मुलं मागच्या गल्लीतून जातात," ती म्हणाली. "दरवेळी सकाळी धावाधाव होते. इकडे येतात, कुलूप बघतात, मग रडकुंडीला येऊन सगळी शाळा फिरून जातात."

सेजू गल्लीत जाऊन आली. मागच्या दारावरच्या रखवालदाराकडून खात्री करून घेतली. सावली कुठे पडते, नळ कुठे आहे, तेही पाहिलं. मग ती पुन्हा इस्त्रीवालीकडे आली. बाईचं नाव नसीम.

"नसीमबाई, एका रात्रीपुरती खोली कुठे मिळेल? रुळांच्या या बाजूला."

नसीमनं किरपाकडे पाहिलं. "माझीच आहे अंगणातली. शिलाईचं मशीन आहे आत, ते जरा सरकवावं लागेल. गल्लीच्या तोंडाशीच घर आहे."

कंकूनं सासूला बाजूला घेतलं. "अहो, पण धर्मशाळा ससुरजींनी ठरवलीय. त्यांना काय वाटेल? शिवाय ती खोली चांगली आहे."

"चांगली आहे, पण रुळांच्या चुकीच्या बाजूला आहे. पाणी नदीपलीकडे असलं की आम्ही रात्रीच डेरा हलवायचो. सकाळी नदीला पूर आला तर काय करणार? ससुरजींचं माझ्यावर सोड. चाळीस वर्षं ऐकवतेय त्यांना, आणखी एकदा."

संध्याकाळी त्या बोचकं न्यायला धर्मशाळेत आल्या, तेव्हा मास्तर व्हरांड्यात बसले होते. "पंख्याची खोली सोडून इस्त्रीवालीकडे?" त्यांनी मान हलवली. "घाबरट आहात हो तुम्ही. आम्ही आठला निघू, सव्वाआठला हजर."

सेजू मास्तरांशी वाद घालत बसली नाही. संतोष नळावर भांडी धूत होती, तिच्यापाशी जाऊन ती म्हणाली, "पोरी, फाटक बंद दिसलं की रिक्षात बसून राहू नकोस. स्टेशनचा जिना चढ, पलीकडे उतर. आणि मोठ्या रस्त्याला जाऊ नकोस, मागची गल्ली. काय सांगितलं मी?"

"जिना. मागची गल्ली," संतोष म्हणाली.

परीक्षेत दागिना चालत नाही म्हणून रविवारी सकाळी कंकूनं नाकातली चमकी काढून सासूच्या हातात दिली. प्रवेशपत्र, फोटो, आधार, निळं पेन, सगळं दोनदा पाहिलं. आठ वीसपर्यंत ती अंगणात बसून किरपाला पाजत होती. पोटभर पिऊन पोर पेंगली. साडेआठला कंकू रांगेत होती आणि पावणेनऊला झडती होऊन आत. जाताना तिनं एकदाच मागे पाहिलं. सेजूनं हातानं खूण केली, जा.

नवाला तीन मिनिटं होती. रखवालदारानं दाराची एक फळी लावली. तेवढ्यात गल्लीच्या टोकाशी संतोष दिसली. चपला हातात, ओढणी कमरेला गुंडाळलेली, आणि ती अशी धावत होती की लोकांनी आपणहून वाट दिली. ती आत गेली. बरोबर नवाला मागून दोन मुलं आली, त्यांच्या तोंडावर दुसरी फळी लागली. मुलं हात जोडत राहिली, दार काही उघडलं नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मास्तर आले, घामानं निथळलेले. "गेली का? माझी संतोष?"

"गेली. तीन मिनिटं राखून."

मास्तर नसीमच्या ओट्यावर मटकन बसले. "रिक्षातच थांब म्हणत होतो मी तिला. ऐकलंच नाही. उडी मारून जिन्याकडे गेली."

"मोठ्यांचं ऐकायचं नाही हे कधीकधी बरं असतं," सेजू म्हणाली आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मास्तरांनी तो एका दमात रिकामा केला.

अकराला किरपा उठली आणि आईला शोधू लागली. दलियाचा चमचा तिनं दोनदा थुंकला. नसीमनं इस्त्री बाजूला ठेवून तिला खांद्यावर घेतलं, मास्तरांनी चाव्यांचा जुडगा वाजवून दाखवला. सेजूनं तिला कडेवर घेऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एवढ्या फेऱ्या घातल्या की सावली पायाखाली आली. साडेबाराला घंटा झाली.

कंकू बाहेर आली ती सरळ ओट्यावर बसून लेकीला पदराखाली घेऊनच.

"उत्तरपत्रिकेतला एकही गोळा रिकामा ठेवला नाही, सासूजी," कंकू म्हणाली. "गणिताचे चार चुकले असतील. बाकीचं येत होतं सगळं."

"येणारच होतं." सेजूनं तिच्या कपाळावरचा घाम ओढणीनं टिपला. "आता घोटभर पाणी पी. दोनची बस आहे, आणि बसअड्ड्याची वाट नसीमनं दाखवलीय, तिच्यात फाटकच लागत नाही."