पाठवल्याची नोंद

मुंगी हे नाव तिला सरांनीच ठेवलं. विद्यार्थी असताना ती एकेक संदर्भ वेचून आणायची, ओळीने लावायची आणि त्यातला एखादा जरी इकडचा तिकडे झाला की कासावीस व्हायची, म्हणून मुंगी. आता तिचे केस कानांजवळ पिकले होते, ती स्वतः कॉलेजात इतिहास शिकवत होती आणि तिला मॅडम म्हणणारी माणसं ढिगाने होती. पण सरांकडे फोन केला की काकू आतल्या खोलीकडे तोंड करून सांगायच्या, "अहो, तुमची मुंगी." आणि मॅडमचा सगळा रुबाब तिथल्या तिथे उतरायचा.

सरांचं पडलेल्या पुलावरचं पुस्तक तिसऱ्यांदा छापलं जाणार होतं. सरांनी ऐंशी ओलांडली होती, डोळे अधू झाले होते, आणि ही शेवटची आवृत्ती, असं ते हवापाण्यावर बोलावं तसं बोलून मोकळे झाले होते. तळटीपा तपासायचं काम मुंगीकडे आलं. तसं ते दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं तर ती रुसूनच बसली असती.

काम किचकट होतं, पण सरळ होतं. पुलाच्या अभियंत्याचे कागद पूर्वी त्याच्या मुलीच्या घरी होते. सर तरुणपणी तिच्याकडे जाऊन बसत. बाई मोठ्या मायाळू, पण वडिलांच्या कागदांना कुणाला हात लावू देत नसत. त्या स्वतः कपाटातून कागद काढायच्या, आपल्या टपोऱ्या अक्षरात त्याची नक्कल करायच्या आणि नक्कल सरांच्या हाती द्यायच्या. त्यामुळे पुस्तकात जागोजागी "कौटुंबिक संग्रह" एवढाच पत्ता होता. बाई गेल्यावर नातवंडांनी सगळे कागद संशोधन ग्रंथालयाला दिले. तिथल्या लोकांनी ते लावले, पेट्यांत आणि फोल्डरांत ठेवले, पानांवर पेन्सिलीने क्रमांक घातले. आता प्रत्येक तळटीपेत संग्रहाचं नाव, पेटी, फोल्डर, पान असा नवा पत्ता लिहायचा होता. सरांची अट जुनीच होती: जो कागद पाहिला नाही त्याचा पत्ता लिहायचा नाही.

म्हणून मुंगी रोज वाचनकक्षात जाऊन बसू लागली. पिशवी बाहेरच्या कप्प्यात, पेन तिथेच, आत फक्त पेन्सिल. हात धुऊन, कोरडे करून यायचं. एका वेळी एकच फोल्डर टेबलावर, म्हणजे एकातलं पान दुसऱ्यात जायची भीती नाही. समोर अभिलेखपाल बाई. त्यांची नजर अशी की, पान उलटताना कोपरा जरा जास्त वाकला की त्या खोकायच्या. मुंगीला त्या फार आवडायच्या.

पुस्तकाचं काळीज म्हणजे सातवं प्रकरण. पूल कोसळला, माणसं गेली आणि सगळं खापर अभियंत्यावर फुटलं. सरांनी दाखवून दिलं की त्याने आधीच वरिष्ठांना पत्र लिहून बजावलं होतं: "हा खांब आणखी एक पूर सोसणार नाही." वरिष्ठांनी दुर्लक्ष केलं. ते वाक्य पुढे ज्याने त्याने उचललं. नवा पूल झाला तेव्हा ते दगडावर कोरून लावलं. मुंगी इतिहासाकडे वळली तीसुद्धा ते प्रकरण वाचून.

तो कागद तिसऱ्या पेटीत निघाला. मुंगीने तो पाहिला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून पाहिला.

वाक्य होतं. तेच होतं. पण त्याच्या आधी तेच वाक्य तीन तऱ्हांनी लिहून खोडलेलं होतं. समासात बेरजा होत्या. खाली सही नव्हती. पाकिटात घालताना पडते तशी घडी नव्हती. हे पत्र नव्हतं, पत्राचा मसुदा होता. सरांना दिलेल्या नकलेत अभियंत्याच्या मुलीने वडिलांची खाडाखोड गाळली होती आणि खाली, सवयीने असेल, त्यांचं नाव लिहिलं होतं. बापाचा कागद लेकीने नीटनेटका केला, इतकंच.

आणि मग मुंगीला तो प्रश्न पडला, जो खरं तर आधीच कुणालातरी पडायला हवा होता. पाठवलेलं पत्र पाठवणाऱ्याच्या घरी कशाला असेल? ते ज्याला गेलं त्याच्याकडे हवं. अभियंता पाठवलेल्या प्रत्येक सरकारी पत्राची नक्कल एका वहीत ठेवत असे. ती वही संग्रहातच होती. तिने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. त्यात हे पत्र नव्हतं. वरिष्ठांच्या कचेरीचं दप्तरही याच ग्रंथालयात होतं. आलेल्या पत्रांच्या फायली तिने पाहिल्या, आवक नोंदवही पाहिली. तिथेही नव्हतं.

तिने नोंदवही मिटली. माणसाने धोका ओळखला, रात्रंदिवस घोळवला, शब्द जुळवले आणि मग पाठवायला धजलाच नाही की काय? सातव्या प्रकरणाच्या पायाखालची जमीनच सरकली होती.

घरी जाताना तिला एक सोपी वाट सुचली. पेटी, फोल्डर, पान असा नवा पत्ता लिहायचा आणि "पत्र" हा शब्द आहे तसा राहू द्यायचा. पत्ता खोटा नव्हताच. तिथवर जाऊन कोण बघणार होतं? इतकी वर्षं ज्यांनी ज्यांनी ते वाक्य वापरलं, त्यांनी सरांच्या पुस्तकातून उचललं होतं. मूळ कागदाचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. शेवटची आवृत्ती, थकलेला माणूस, एक शब्द. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. मग मात्र तिला स्वतःचाच राग आला, कारण ही वाट जिला सुचली तिला सरांनीच शिकवलं होतं.

ती सरांकडे गेली तेव्हा काकूंनी चहा ठेवला आणि तिचा चेहरा बघून कपात साखर जरा जास्तच घातली. मुंगीने सरांना सगळं सांगितलं. घडी, सही, वही, दप्तर. सर खुर्चीत मान खाली घालून ऐकत होते. मुंगीला वाटलं की आपण या माणसाचं आयुष्य त्याच्या हातातून काढून घेतलं.

"पान कुठलं?" सरांनी विचारलं.

तिने सांगितलं.

"उद्या मला घेऊन चल. तू सांगतेस म्हणून मी लिहिणार नाही. पाहून लिहीन."

काकू म्हणाल्या, जिना चढवत नाही आणि निघाले. सर म्हणाले, पुस्तक लिहिताना कचेरीचं दप्तर बघायला हाच जिना चढलो असतो तर आज ही वेळ आली नसती. काकू हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांचा चांगला सदरा काढून ठेवला.

वाचनकक्षात सरांनी लहान मुलासारखे हात पुढे करून अभिलेखपाल बाईंना दाखवले, धुतलेत म्हणून. बाईंनी फोल्डर आणून ठेवलं आणि न मागता भिंग आणि जास्तीचा दिवाही दिला. सरांनी तो कागद वाचायला घेतला. नुसतं वाक्य नाही, खोडलेल्या ओळी, समासातल्या बेरजा, कागदाची मागची बाजू, सगळं. ज्या कागदामुळे त्यांचं नाव झालं, तो ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. त्यांचा चेहरा पडेल म्हणून मुंगी धास्तावून बघत होती, आणि तो हळूहळू उजळत गेला.

"किती वेळा लिहिलंय बघ त्याने," ते हळूच म्हणाले. "आणि मी याला एका दमात लिहायला लावलं."

मग त्यांनी तिची सुधारलेली तळटीप मागितली. तिने लिहिलं होतं: मसुदा, पत्र पाठवले नाही. सरांनी भिंग तिच्या कागदावर आणलं आणि विचारलं, हे तुला कशावरून कळलं? कचेरीच्या आवक नोंदवहीत नाही म्हणून, ती म्हणाली. वही पूर्ण आहे का? वहीची शेवटची काही पानं ओल लागून एकमेकांना चिकटली होती. ती उघडता येत नव्हती. हे तिने पाहिलं होतं, आणि घाबरून सोडून दिलं होतं.

क्षणभर तिला वाटलं, सर आता या चिकटलेल्या पानांचा आधार घेऊन प्रकरण वाचवणार. तिने वाचवू दिलंही असतं. पण सरांनी पेन्सिल घेतली आणि थरथरत्या अक्षरात लिहायला सुरुवात केली. आधी संग्रह, पेटी, फोल्डर, पान. मग: "अभियंत्याच्या हस्ताक्षरातील मसुदा, सही नाही. पाठवल्याची नोंद आढळली नाही. नकलांच्या वहीत नाही; कचेरीच्या आवक नोंदवहीत नाही, मात्र तिची शेवटची पाने उघडत नाहीत. मागील दोन्ही आवृत्त्यांत मी यास पत्र म्हटले आणि ते पोहोचले असे मानले. मूळ कागद तेव्हा मी पाहिला नव्हता. नकलेवर विसंबलो, आणि तसे सांगितलेही नाही. ही चूक माझी आहे."

मुंगीचे डोळे भरून आले. कागदावर थेंब पडेल म्हणून ती मागे सरली. अभिलेखपाल बाई खोकल्या नाहीत. तिला जन्मभर या माणसाचा अभिमान होता, पण तो पुस्तकाचा होता. आज तो या चार ओळींचा झाला. स्वतःच्या अंगावर घेतानाही त्यांनी माहितीपेक्षा एक शब्द जास्त लिहिला नव्हता, आणि मेलेल्या अभियंत्यावर तर मुळीच नाही.

"आणि पुलावरचा दगड?" तिने विचारलं.

"दगड बरोबर आहे. वाक्य त्याचंच आहे. ते पोहोचलं, हे म्हणणं माझं होतं." सरांनी पेन्सिल अजून खाली ठेवली नव्हती. "आता तुझं पूर्ण नाव सांग. मधलं नाव वडिलांचं लावतेस की आईचं?"

ती गडबडली. म्हणाली, सर, मला कशाला त्यात, प्रस्तावनेत आभार मानलेत तेवढे पुरे. लोक म्हणतील, गुरूची चूक काढून नाव छापून घेतलं.

"आभार वेगळे," सर म्हणाले. "हे कौतुक नाही. हा मसुदा आहे हे मला कुठून कळलं? तुझ्याकडून. मग तू माझा स्रोत आहेस, आणि स्रोताचं नाव नीट लिहायचं असतं. नक्कल करणाऱ्या बाईंचं एकदा नाही लिहिलं, त्याचं काय झालं ते बघितलंस ना?"

तिने नाव सांगितलं, आईचं, मधे. सरांनी ते एकेक अक्षर कोरत शेवटच्या ओळीत लिहिलं, भिंग धरून तपासलं आणि बरोबर आहे का म्हणून तिला हलक्या आवाजात वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तिने आपलं पूर्ण नाव पहिल्यांदा ऐकलं. तिने मान डोलावली.