हिशोब जुळलाच तर

चिमणीची पिशवी मीच उलटी केली. ताई म्हणाली, "मावशी, तुम्ही बघा, तुम्ही इथे सगळ्यांत जुन्या," आणि मी सगळ्या पोरींसमोर ती काउंटरवर पालथी केली. कंगवा, बिस्किटांचा अर्धा पुडा, ओढणी, बसचा पास. केसांच्या रंगाची ट्यूब एकही नाही. असणार कुठून? चोरी मी करत होते.

हे सलून ताईचं. मी केस कापते, रंग लावते. चिमणी केस धुते, आणि मालाच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असते. ताईने कपाटातून गेलेल्या ट्यूबा आणि रंगाची बिलं ताडून पाहिली, तर बिलं फारच कमी. मग काय, किल्ली जिच्याकडे तिच्यावर आळ.

माझा उद्योग साधा होता. गिऱ्हाइकाला रंग लावायचा आणि "काउंटरला गर्दी आहे, द्या माझ्याकडेच" म्हणून खुर्चीपाशी रोख घ्यायची. काउंटरला सांगायचं, नुसते केस कापले. वरचे पैसे माझ्या पर्समध्ये. घरी अडचण होती असं म्हणून मोकळी झाले असते, पण पहिल्यांदा घेतले तेव्हा अडचण-बिडचण काही नव्हती. ताईने माझं कमिशन कापलं होतं आणि माझं डोकं फिरलं होतं. पुढे राग उतरला, पण हात काही थांबला नाही.

ताईने तिथेच नवे नियम सांगितले. "चिठ्ठीशिवाय कपाट उघडायचं नाही. गिऱ्हाईक कोण, काम काय, करणारी कोण, सगळं चिठ्ठीवर. एक प्रत कपाटाशी, एक काउंटरला. रिकामी ट्यूब परत द्यायची. पैसे फक्त काउंटरला, आणि बिल गिऱ्हाइकाच्या हातात. चिमणी, तू उद्यापासून आठवडाभर घरी बस. त्या आठवड्यात हिशोब जुळला, तर मग येऊच नकोस. किल्ली मावशींकडे दे."

"ताई, आईशप्पथ, मी नाही घेतलं," चिमणी म्हणाली. ताईने मान फिरवली. पोरीने किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि वर म्हणते कशी, "मावशी, खालचा कप्पा अडकतो, जरा उचलून ओढा."

या चिठ्ठ्यांपुढे माझं काही चालणार नव्हतं, मी गपचूप बंदच करणार होते. म्हणजे हिशोब जुळणार. आणि जुळला की चिमणी चोर, अगदी पुराव्यानिशी! तिला वाचवायचं तर मला चोरी चालू ठेवायला हवी. अगं बाई, काय करून बसले मी हे!

तेवढ्यात बँकेतल्या बाई आल्या. माझं ठरलेलं गिऱ्हाईक, दर महिन्याला मुळांना रंग. मी चिठ्ठी लिहिली, रंग लावला. चिमणीने त्यांचे केस धुतले, नेहमीसारखं पाण्यात बोट घालून आधी गरम-थंड बघत. माझ्याकडे तिने एकदाही रागाने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बाईंनी पर्स उघडली. "घ्या, नेहमीचे."

आताही वेळ होती. बाईंना बाजूला नेऊन कानात सांगता आलं असतं. मी मोठ्याने म्हणाले, "माझ्याकडे नको, काउंटरला द्या. आणि रंगाचं पूर्ण बिल घ्या."

"आज हे काय नवीन? दर वेळी तर तुम्हीच घेता. बिल नको असेल तर थोडे कमी द्या म्हणता."

ड्रायर बंद झाला. ताईने आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरं आहे त्यांचं," मी म्हणाले. "आणि या एकट्याच नाहीत. ट्यूबा इथेच, गिऱ्हाइकांच्या डोक्यावर संपल्या. पैसे मी खाल्ले. या पोरीने कशाला हातसुद्धा लावला नाही." मी किल्ली काउंटरवर ठेवली, पर्स काढली आणि तिची चेन उघडली. "चिमणे, ये. कर पालथी. सगळ्यांसमोर कर."

चिमणी हात पुसत आली. तिने किल्ली उचलली. मग माझ्या पर्सची चेन हळूच लावली.

"नको मावशी," ती म्हणाली. "फार लाज वाटते हो."