अडतीस हजारांची उलट नोंद

सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी शिंप्याला त्याचे अडतीस हजार परत मिळाले. मोबाइलवर तसा मेसेज आला, त्याने बँकेच्या बाकावरूनच बायकोला फोन केला, आणि गोष्ट संपली.

तीन पंचवीसला दुसरा मेसेज आला. अडतीस हजार वजा. म्हणजे ते कधी मिळालेच नव्हते, असं धरून चालायचं ठरलं. कोणी ठरवलं ते शिंप्याला विचारू नका, त्याला फक्त कळवण्यात आलं.

तसं प्रकरण साधं होतं. एका शाळेच्या बाराशे शर्टांचं काम मिळालं होतं, म्हणून काजं करायचं मशीन हवं होतं. विक्रेत्याने ड्राफ्ट मागितला. बँकेने शिंप्याच्या बचत खात्यातून अडतीस हजार आणि वर कमिशन कापून घेतलं, अडतीस हजार स्वतःच्या ‘देय ड्राफ्ट’ नावाच्या खात्यात जमा केले आणि ड्राफ्ट हातात ठेवला. मग विक्रेत्याकडचं मशीनच संपलं. दुसऱ्या दुकानात एकच उरलं होतं. शनिवारपर्यंत पैसे भरा, नाहीतर विसरा.

म्हणून शिंपी सोमवारी ड्राफ्ट रद्द करायला आला. कमिशन परत मिळणार नव्हतं, रद्द करायचे म्हणून आणखी पैसे जाणार होते. हेही त्याने गोड मानून घेतलं. ड्राफ्टवाल्या साहेबांनी ड्राफ्टवर ‘रद्द’ असा शिक्का हाणला आणि उलट नोंद केली: देय ड्राफ्ट खात्याला नावे, शिंप्याला जमा. मॅनेजरबाईंनी संगणकावर मंजुरी दिली आणि सहीसाठी व्हाउचर मागितलं. या नोंदीचं व्हाउचर म्हणजे तो रद्द केलेला ड्राफ्टच.

तो कुठेच नव्हता.

“आत्ता इथं होता,” साहेब टेबलाखालून म्हणाले.

“व्हाउचर नसताना नोंद? उलटवा ती.”

“मॅडम, ती उलटीच आहे.”

“मग सुलटी करा!”

अशी ती तीन पंचवीसला सुलटी झाली.

“आता काय?” शिंप्याने विचारलं.

“आता तुमचा ड्राफ्ट हरवला,” साहेब म्हणाले. “म्हणजे तुम्ही हरवला.”

“मी? अहो, मी तुमच्या हातात दिला!”

“अर्ज खरेदीदाराच्या नावाने असतो. बँकेने हरवला, असा फॉर्म छापलेलाच नाही.”

शिंप्याने फॉर्म भरला. साहेबांनी ड्राफ्टचं पेमेंट थांबवलं, आणि ड्राफ्ट वटलेला नाही असं लिहून द्या म्हणून ज्या शाखेवर तो काढला होता तिला कळवलं. शिंप्याने मुद्रांकावर हमीपत्र दिलं: कोणी ड्राफ्ट घेऊन आलाच तर नुकसान मी भरून देईन, आणि सापडल्यास तात्काळ बँकेत जमा करीन. सही करता करता त्याची नजर सवयीने साहेबांच्या कमरेवर गेली. पॅन्ट दीड इंच आवळ होती.

“साहेब, एवढं काम लवकर करा. पॅन्ट मी फुकट सैल करून देतो.”

लाच चालत नाही, असं साहेबांनी कडक आवाजात सांगितलं. बुधवारी पॅन्ट पाठवून दिली.

गुरुवारी त्या शाखेचं उत्तर आलं: ड्राफ्ट वटलेला नाही. साहेबांचा फोन आला, उद्या सकाळी पैसे जमा. शिंप्याने खुशीत पॅन्टची कंबर उसवली. बायकोने खिसे तपासले.

“अहो, हे काय?”

चार घड्या घातलेला ड्राफ्ट. वर ‘रद्द’.

“परत ठेव,” शिंपी म्हणाला.

“का म्हणून?”

“आपण हरवलाय तो.”

“वेड लागलंय का? सही करून आलात ना, सापडल्यास तात्काळ? उद्या पहिल्यांदा नेऊन द्या. उगाच जिवाला घोर नको.”

शुक्रवारी सकाळी सैल केलेल्या पॅन्टबरोबर ड्राफ्ट पाहून साहेब पांढरे पडले. “कुठं सापडला?”

“तुमच्याच पॅन्टच्या—”

“घरात सापडला म्हणा हो,” साहेब पुटपुटले.

मॅनेजरबाई मात्र खूश झाल्या. “सापडला? वा! मग हरवल्याचा परतावा थांबवा.”

“मग रद्द करून पैसे द्या,” शिंपी म्हणाला.

“कसा करणार? हरवला म्हणून थांबवलाय ना तो. ती थांबवल्याची खूण मुख्य कार्यालयातूनच निघते. सात ते दहा दिवस.”

“आणि सापडलाच नसता तर?”

“तर आत्ता पैसे दिले असते,” बाई अगदी आपुलकीने म्हणाल्या.

शिंपी बाकावर बसला. घरी बायकोने सुई ओवून ठेवली असणार. शनिवार उद्याच, म्हणजे मशीन गेलं; बाराशे शर्ट, प्रत्येकाला सात काजं, हाताने आठ हजार चारशे. त्याने साहेबांकडून कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं:

“मा. शाखाधिकारी यांस, विनंती अर्ज. सदर ड्राफ्ट मी प्रामाणिकपणे जमा केल्यामुळे माझी गैरसोय झाली आहे. तरी तो आज रोजी माझ्याकडून पुन्हा हरवण्यास परवानगी मिळावी, व त्याकामी साहेबांची पॅन्ट, जी आता कमरेत दीड इंच सैल केली आहे, उपलब्ध करून द्यावी, ही नम्र विनंती.”