फाटकाचं कुलूप

"म्या कोनाले गोटा मारला नाही," हे वाक्य उत्तमरावांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की घरातली मांजरही आता ते ऐकून कूस बदलत असावी. वाक्य खरं होतं. जन्मभर वांगी-मिरचीच्या वावरात राबलेल्या या माणसाने कधी कुणावर हात उगारला नव्हता. पण वाशीमला वकीलबाईंच्या खोलीत बसून ते पुन्हा तेच बोलले, तेव्हा साधनाताईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"काका, गोटा कोनं मारला हे मी इचारूनच नाही राह्यली. फाटकाले कुलूप कोनं लावलं?"

उत्तमरावांनी शेजारी बसलेल्या लेकीकडे पाहिलं. सायली भिंतीकडे पाहत होती. पोलीस भरतीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं, गावात पेढे वाटून झाले होते, आणि आता चारित्र्य पडताळणीच्या आधीच तिचं नाव दुसऱ्याच यादीत जाऊन बसलं होतं. दंगल, बेकायदेशीर जमाव, सरकारी माणसाला मारहाण. बाप-लेक दोघंही आरोपी. अटकपूर्व जामीन मिळाला होता, पण जामिनावर वर्दी मिळत नाही.

झालं होतं ते असं. विहिरींवरच्या पंपांना वीज देणारी शिवारातली डीपी जळाली आणि कित्येक दिवस कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. विहिरीत पाणी आणि वाफ्यात वांगी माना टाकून उभी. गावाने वीज उपकेंद्रावर जायचं ठरवलं, घरटी एक माणूस. ही गावाची जुनी रीत. ज्या घरचा माणूस आला नाही किंवा अर्ध्यातून परतला, त्या घराला पारावर वर्षभर टोमणे खावे लागतात. मागच्या खेपेला उपकेंद्राचे साहेब बोलता बोलता गाडीत बसून निघून गेले होते. म्हणून यंदा उत्तमराव हुशारीने घरून विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीचं कुलूप आणि साखळी घेऊन गेले. साहेब आत, गाव बाहेर, फाटक बंद, चावी खिशात. "वा उत्तमराव!" असा एकच गिल्ला झाला. आयुष्यात त्यांना कुणी अशी दाद दिली नव्हती. छाती फुगली हो त्यांची, खोटं कशाला सांगायचं!

मग कुठून तरी पहिला दगड आला. खिडकीची काच फुटली आणि आत बसलेल्या फुलसिंगच्या कपाळात घुसली. फुलसिंग म्हणजे तिथला ऑपरेटर, तांड्यावरचा, उत्तमरावांच्या हातची वांगी घरी नेणारा माणूस.

"डीपी मागायले गेले तथपर्यंत कोनताच गुन्हा नव्हता," साधनाताई म्हणाल्या. "पाच किंवा जास्त लोक जमले म्हणून जमाव बेकायदेशीर होत नाही, त्याईचा उद्देश तसा लागते. तुम्ही साहेबाले कोंडलं, अन् बाकीच्याईनं वा वा केलं, तवा तो बेकायदेशीर झाला. चांगला जमलेला जमावबी मधातच बिघडू शकते. अन् मंग त्या उद्देशापायी एकानं जरी गोटा मारला, तरी दंगल सगळ्याईच्या अंगावर. सारं दिसत असून जो थांबला, तो त्यातलाच."

"अन् माही पोरगी? ते तं घरटी एकातबी नव्हती, नुसती पाह्यले आलती!"

"नुसता पाहत उभा असलेला माणूस त्यात येत नाही, काका. पन व्हिडिओ पाहा."

तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. गावातल्याच कुणीतरी तो स्टेटसला ठेवला होता, आणि वर एक जोशातलं गाणं चढवलं होतं. मूळ कुणाजवळ उरलं नव्हतं. त्यात सायली फाटकाला चिकटून उभी, एक हात साखळीवर, एक हात बापाच्या खिशाशी, तोंड उघडं. पाहणाऱ्याला वाटावं, पोरगी घोषणा देतेय आणि फाटक धरून ठेवतेय. ती काय ओरडत होती, ते गाण्याखाली गडप झालं होतं. जवळ उभी असलेली माणसं तर आता म्हणत होती, आम्ही त्या दिवशी शेलूबाजारात होतो. घरटी एक आलेलं गाव असं घरटी एक नाहीसं झालं!

"सायली, तू काय म्हनत होती?" साधनाताईंनी विचारलं.

"आठवत नाही," सायली म्हणाली.

तिला शब्द न् शब्द आठवत होता, हे उत्तमरावांना ठाऊक होतं.

साधनाताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मले वाटते, तुमच्या दोघाईची बाजू एक नाही. असं असंल तं मी एकाचंच काम घेऊ शकते."

"पोरीचं घ्या," उत्तमराव लगेच म्हणाले. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "मले न्यायाधीशासमोर बोलाचं असंल तं?"

"बाबा!" सायली उठून उभी राहिली. "काही बोलाचं नाही. तुमी नुसते पाह्यले गेलते, असं सांगता येते. गर्दीत कुलूप कोनं लावलं, हे व्हिडिओत दिसत नाही."

"मी आता तिची वकील आहो," साधनाताई सावकाश म्हणाल्या. "तुम्ही बोलले तं तिचा फायदा आहे, म्हणून मी तुमाले बोला म्हनून सल्ला देऊ शकत नाही. दुसरा वकील पाहा. पैसे नसतील तं सरकारी मोफत मदत मिळते. त्याले इचारा, मंग ठरवा."

उत्तमरावांनी त्या मोफतच्या वकिलालाही विचारलं. तो कळवळून म्हणाला, गप्प राहा. त्यांनी मान डोलावली आणि तपास करणाऱ्या फौजदाराला जाऊन सांगितलं, मला न्यायाधीशासमोर जबाब द्यायचाय.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी पोलिसांना बाहेर काढलं. तुमच्यावर बोलायची सक्ती नाही, बोललात तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल, नाही बोललात तरी तुम्हाला पोलिसांच्या ताब्यात देणार नाही, असं नीट समजावलं आणि विचार करायला वेळ दिला. बाकावर बसून उत्तमरावांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. गप्प राहिले तर सुटायची आशा होती. बोलले तर कुलूप त्यांचं, चावी त्यांची, आणि थांबणंही समजून-उमजून. भीती वाटत होती. पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा ते आत गेले आणि बोलले.

बाहेर सायली पायरीवर उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"काय सांगितलं?"

"तू जे ओरडत होती, ते."

"बाबा, तुमी कायले... आता तुमाले शिक्षा होईन!"

"होईन तं होईन. तुव्हं नाव निंघन का नाही, ते फौजदार पाहीन, मंग कोर्ट पाहीन." ते पायरीवर टेकले. "त्या न्यायाधीशबाईनं इचारलं, पोरीनं नेमकं काय म्हटलं. म्या सांगितलं, ते म्हने, बाबा, चाबी द्या, फुलसिंगकाकाचं रगत वाहून राह्यलं, त्याले दवाखान्यात नेऊ द्या."

"अन् तुमी काय म्हटलं, ते नाही ना सांगितलं?"

उत्तमरावांनी तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी चावी खिशात असताना त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं होतं, मग गावाकडे. शेवटी तिनेच खिशात हात घालून चावी ओढून घेतली आणि फाटक उघडलं, तोवर फुलसिंगचा सदरा भिजला होता.

"तेबी सांगितलं," ते म्हणाले. "म्या म्हटलं, थांब, लोक काय म्हनतीन."